तो एक ग्रॅम नेमका कोणता?

चौतीस वर्षं मी बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास एक गणित फळ्यावर यायचं. एक ग्रॅम युरेनिअम-२३५ चं पूर्ण विखंडन झालं, म्हणजे त्यातला प्रत्येक अणू फुटला, तर किती ऊर्जा मिळेल आणि तेवढ्यासाठी किती कोळसा जाळावा लागेल? उत्तर आलं की मुलांचे डोळे मोठे व्हायचे. एका बाजूला करंगळीच्या नखावर मावेल एवढा धातू, दुसऱ्या बाजूला ट्रकभर कोळसा. मलाही तो क्षण आवडायचा, हे कबूल करतो. पण जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा वाद पेटलेला असताना राजापूर तालुक्यातल्या एका सभेला गेलो आणि त्या दिवसापासून हे गणित मी वेगळ्या तऱ्हेनं शिकवायला लागलो.

सभेत प्रकल्पाच्या बाजूचे एक वक्ते हेच सांगत होते, एक ग्रॅम युरेनिअम म्हणजे तीन टन कोळसा. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. आंब्याची बाग असलेल्या, पदर खोचून आलेल्या. त्यांनी विचारलं, "मग तुमच्या कारखान्याला दिवसाला किती ग्रॅम लागतात ते सांगा. आणि जाळून झाल्यावर त्याचं उरतं काय, तेही सांगा." वक्त्यांनी पुन्हा तीन टन कोळशाचंच सांगितलं. विरोधातले वक्ते उठले, तेही किरणोत्सर्गाबद्दल बोलले, पण ग्रॅमचा हिशेब त्यांच्याकडेही नव्हता. बाई खाली बसल्या. त्यांचे दोन्ही प्रश्न अगदी बरोबर होते आणि दोन्हींचं उत्तर आकड्यांत देता येतं. ते या राज्यात अणुऊर्जेवर बोलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आधी गणित नीट करू, कारण ते खोटं नाही. कोळसा जळतो म्हणजे कार्बनचा एक अणू हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो. त्यातून सुमारे ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. ही सगळी देवघेव अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची असते, आतल्या केंद्रकाला त्याचा पत्ताही नसतो. युरेनिअमचं एक केंद्रक फुटतं तेव्हा मात्र सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट सुटतात. अणूला अणू लावला तर फरक ५ कोटी पटींचा. पण युरेनिअमचा अणू कार्बनच्या जवळजवळ वीसपट जड असतो, म्हणजे एका ग्रॅममध्ये तो विसाव्या भागाइतकाच मावतो. म्हणून ग्रॅमला ग्रॅम लावला की ५ कोटींचे २५ लाख होतात. पुस्तकातले "तीन टन" येतात ते इथून, चांगल्या प्रतीचा कोळसा धरून.

आपला कोळसा त्या प्रतीचा नसतो. विदर्भातल्या वीज केंद्रांत येणाऱ्या कोळशात राखच तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त असते आणि त्याची उष्णता किलोला साधारण ३,७०० किलोकॅलरीच्या आसपास धरावी लागते. त्या कोळशाशी तुलना केली तर एका ग्रॅमच्या पूर्ण विखंडनाला पाच टनांहून थोडा जास्त कोळसा लागतो. पट म्हणाल तर सुमारे ५३ लाख. म्हणजे चंद्रपूरकडून पाहिलं तर पुस्तकातला आकडा कमीच आहे.

हे २० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात कुठून? १९३८ च्या नाताळात भौतिकशास्त्रज्ञ लीझे माइट्नर आणि तिचा भाचा ओटो फ्रिश स्वीडनमधल्या कुंगेल्व्ह गावी बर्फातून चालत असताना त्यांनी हेच कोडं सोडवलं. बर्लिनहून रसायनशास्त्रज्ञ ओटो हान यांचं पत्र आलं होतं, की युरेनिअमवर न्यूट्रॉन मारले तर बेरिअम सापडतो आहे. झाडाच्या बुंध्यावर बसून त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर दोन हिशेब केले. केंद्रकाचे दोन तुकडे झाले तर दोघांवरही धन विद्युतभार, त्यामुळे ते एकमेकांना प्रचंड जोरानं ढकलतील. त्या ढकलण्याची ऊर्जा आली सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट. मग माइट्नरनं वस्तुमानांची वजाबाकी केली. दोन तुकड्यांचं मिळून वजन मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या एक पंचमांशानं कमी भरत होतं, आणि त्याची ऊर्जाही तेवढीच आली. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा. माझ्या अख्ख्या नोकरीत मुलांना सांगायला याहून सुंदर गोष्ट मला मिळाली नाही.

या वजाबाकीवरूनच एक गैरसमज पसरला आहे. "एक ग्रॅम युरेनिअमचं ऊर्जेत रूपांतर होतं" असं सर्रास लिहिलं जातं. तसं होत नाही. एक ग्रॅम पूर्ण फुटला तरी नाहीसा होतो तो एक मिलिग्रॅमहूनही थोडा कमी. उरलेले ९९९ मिलिग्रॅम जागच्या जागी राहतात, फक्त ते आता युरेनिअम नसतात. सीझिअम, स्ट्रॉन्शिअम, आयोडीन, झेनॉन अशी कित्येक मूलद्रव्यं त्यात असतात आणि त्यातली बरीचशी किरणोत्सारी. राजापूरच्या बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात इथे होते. जाळून उरतं काय, तर वजनानं जवळजवळ सगळंच उरतं.

आता पहिला प्रश्न, दिवसाला किती ग्रॅम? आपल्या राज्यात चालू असलेलीच अणुभट्टी घेऊ. तारापूरचे तिसरा आणि चौथा संच प्रत्येकी ५४० मेगावॅटचे, जड हायड्रोजनपासून बनलेल्या जड पाण्यावर आणि नैसर्गिक युरेनिअमवर चालणारे, २००५-०६ मध्ये सुरू झालेले. एक संच पूर्ण क्षमतेनं चालतो तेव्हा भट्टीत सुमारे १,७३० मेगावॅट उष्णता तयार होते आणि तिच्यातली एकतीस टक्क्यांच्या आसपास वीज बनून बाहेर पडते. लक्षात ठेवायला सोपं असं एक माप आहे. एक ग्रॅम पूर्ण फुटला की एक मेगावॅट उष्णता जवळजवळ एक दिवस मिळते, काटेकोर बोलायचं तर ०.९५ दिवस. म्हणजे १,७३० मेगावॅटसाठी दिवसाला १,८०० ग्रॅमच्या आसपास अणू फुटायला हवेत. पावणेदोन किलोहून थोडं जास्त. भाजीच्या पिशवीत मावेल एवढं.

पण भट्टीत रोज पावणेदोन किलो टाकून भागत नाही. जे टाकलं जातं ते बंडल असतं. सदतीस नळ्या एकत्र बांधलेली, हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत भरेल एवढी लांब, मांडीएवढीही जाड नसलेली एक जुडी. एका प्रदर्शनात मी तिची प्रतिकृती हातात घेतली होती. दिसते तेवढी हलकी नसते, दोन्ही हातांनीच उचलावी लागते. झिर्कोनिअमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत युरेनिअम ऑक्साइडच्या काळसर गोळ्या भरलेल्या असतात आणि एका बंडलात एकोणीस-वीस किलो युरेनिअम असतं. तारापूरच्या या भट्टीत ३९२ आडव्या नळकांड्या आहेत आणि प्रत्येकीत अशी १३ बंडलं. भट्टी चालू असतानाच एका टोकाला एक यंत्र, दुसऱ्या टोकाला दुसरं यंत्र नळकांडीला येऊन चिकटतं. एकीकडून ताजी बंडलं ढकलली जातात आणि दुसरीकडून वापरलेली बाहेर येतात. सरासरी काढली तर दिवसाला बारा-तेरा बंडलं. म्हणजे अडीचशे किलो युरेनिअम.

दिवसाला फुटतात १,८०० ग्रॅम, टाकावे लागतात २,५०,००० ग्रॅम. प्रत्येक १४० ग्रॅमांमागे एक ग्रॅमच कामी येतो. सभेतल्या वाक्यातला ग्रॅम तो फुटलेला ग्रॅम होता, आणि आपण खाणीतून आणतो, शुद्ध करतो, ज्याचे पैसे मोजतो तो ग्रॅम हा भट्टीत टाकलेला. या दुसऱ्या ग्रॅमला कोळशाशी लावलं तर ५३ लाखांचे ३९ हजार होतात. एक ग्रॅम नैसर्गिक युरेनिअम म्हणजे ३९ किलो कोळसा, दोन पोत्यांच्या आत.

असं का होतं हे कळल्याशिवाय पुढची धोरणाची चर्चा कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो. नैसर्गिक युरेनिअमच्या एका किलोत सहज फुटणारं युरेनिअम-२३५ फक्त ७ ग्रॅम असतं. उरलेले ९९३ ग्रॅम युरेनिअम-२३८. ते मंद न्यूट्रॉननं फुटत नाही, न्यूट्रॉन गिळून बसतं. मात्र गिळल्यावर त्याचं हळूहळू प्लुटोनिअम होतं, आणि त्यातलं बरंचसं त्याच भट्टीत तिथल्या तिथे फुटतं. जड पाण्याच्या भट्टीतली कितीतरी ऊर्जा अशी आतच तयार झालेल्या प्लुटोनिअममधून येते. तरीही सव्वा वर्षाच्या आसपास बंडल आत राहिलं की त्यातलं २३५ घटतं, आणि फुटलेल्या तुकड्यांतली काही मूलद्रव्यं न्यूट्रॉन शोषू लागतात. विखंडनाची साखळी चालू ठेवायला लागणारे न्यूट्रॉन आता पुरत नाहीत. चुलीत राख साठली की जाळ मंदावतो, तसं. फरक एवढाच, की ही राख लाकडाच्या आतच साठते आणि झटकता येत नाही. म्हणून बंडल बाहेर काढावं लागतं. त्यातला युरेनिअमचा फार मोठा भाग न वापरलेलाच असतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. किती ग्रॅम फुटले ते मोजता येतं. भट्टीतून वाहणाऱ्या जड पाण्याचं तापमान आत जाताना किती, बाहेर येताना किती, आणि दर सेकंदाला किती किलो वाहिलं, यावरून उष्णता कळते आणि उष्णतेवरून ग्रॅम. दुसरी खूण बंडलाच्या पोटातच असते. दर शंभर विखंडनांमागे सुमारे सहा वेळा साखळीच्या शेवटी सीझिअम-१३७ तयार होतं. त्याचे गॅमा किरण ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या ठरावीक ऊर्जेचे असतात. बंडल बाहेर आल्यावर ते किरण मोजले की आत किती अणू फुटले ते उलटं काढता येतं.

कुणी म्हणेल, जैतापूरला येऊ घातलेल्या फ्रेंच भट्ट्या नैसर्गिक नव्हे, समृद्ध युरेनिअमवर चालतात, त्यांचं काय? त्यांच्या इंधनात २३५ चं प्रमाण पाच टक्क्यांपर्यंत वाढवलेलं असतं आणि एका किलोतून तारापूरच्या तिसऱ्या संचापेक्षा सात-आठपट उष्णता निघते. पण तो एक किलो समृद्ध करायला सुमारे दहा किलो नैसर्गिक युरेनिअम लागतं. उरलेलं नऊ किलो बाजूला पडून राहतं. खाणीतल्या ग्रॅमच्या हिशेबानं दोन्ही भट्ट्या जवळजवळ एकाच ठिकाणी येतात, समृद्धवाली उलट किंचित मागेच. त्यामुळे "आमचं तंत्रज्ञान नवं, आमचा ग्रॅम जास्त देतो" असं कुणी सांगितलं तर तो ग्रॅम समृद्ध करण्याआधीचा की नंतरचा, हे आधी विचारावं.

अजून एक पायरी खाली उतरू, खाणीच्या तोंडापर्यंत. झारखंडमधल्या जादुगुडाच्या पट्ट्यातलं आपलं खनिज गरीब आहे. शंभर किलो दगडात पन्नास-साठ ग्रॅम युरेनिअम. म्हणजे एका ग्रॅमसाठी दोन किलोच्या आसपास दगड खणायचा, दळायचा, आम्लात विरघळवायचा आणि उरलेला गाळ, ज्यात रेडिअम तसंच राहिलेलं असतं, तळ्यात साठवून सांभाळायचा. दोन किलो दगडाला ३९ किलो कोळसा. आता तुलना किती पटींची राहिली? वीस. तारापूरच्या एका संचाला रोज अडीचशे किलो युरेनिअम, म्हणजे रोज पाचशे टनांच्या आसपास खनिज. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की कोळशाच्या उघड्या खाणीतसुद्धा एक टन कोळशासाठी कित्येक टन माती आणि खडक बाजूला सारावा लागतो. तो धरला तर पारडं पुन्हा युरेनिअमकडे झुकतं. पण ५३ लाख आणि वीस यांमधलं अंतर मनात ठेवूनच बोलायला हवं.

हे अंतर विसरलं की काय होतं ते देशानं अनुभवलेलं आहे. २००८ च्या आसपास आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या निम्म्या क्षमतेच्या आसपास चालवाव्या लागत होत्या. भट्ट्या बिघडल्या नव्हत्या. युरेनिअम पुरत नव्हतं. भट्ट्या वाढल्या, पण खाणी त्या वेगानं वाढल्या नाहीत. एका ग्रॅमला तीन टन कोळशाचं बळ आहे म्हणणाऱ्या देशाला इंधनाच्या टंचाईत दिवस काढावे लागले. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटानं सूट दिली, मग बाहेरून युरेनिअम यायला लागलं आणि परिस्थिती सुधारली.

इथवर वाचून मी अणुऊर्जेच्या विरोधात आहे असं कुणाला वाटेल. नाही. माझी काही वर्षं चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या परिसरात गेली आहेत आणि कोळशाचा ग्रॅम मी जवळून पाहिला आहे. तिथल्या ५०० मेगावॅटच्या एका संचाला पूर्ण भारावर दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. म्हणजे रोज दोन रेक, प्रत्येकात अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी. वॅगन टिपलर अख्खी वाघीण पकडून कुशीवर उलटी करतो, कोळसा खाली हॉपरमध्ये कोसळतो आणि काळ्या धुळीचा ढग वर येतो. पावसाळ्यात कोळसा वाघिणीला चिकटून बसला की माणसं लोखंडी पहारी घेऊन तो खरवडायची. दिवसाला पावणेतीन हजार टन राख निघते, ती पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात, आणि अकरा-बारा हजार टन कार्बन डायऑक्साइड चिमणीतून जातो. आमच्या अंगणातल्या तुळशीची पानं आई रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची, संध्याकाळपर्यंत ती पुन्हा करडी. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, पाण्यात शिरली, तेव्हा मला त्या पानांची आठवण झाली.

रोज आठ हजार टन एकीकडे आणि अडीचशे किलो दुसरीकडे. दोन रेक विरुद्ध बारा-तेरा बंडलं, जी एका छोट्या टेम्पोतून नेता येतील. हा फरक खराच आहे, आणि तो ३९ हजारांच्या आकड्यावर उभा आहे, ५३ लाखांच्या नव्हे. अणुऊर्जेची बाजू मांडणाऱ्या माझ्या मित्रांना मी कळकळीनं सांगतो, छोटा आकडाच वापरा. तो पुरेसा आहे. मोठा आकडा ऐकून विश्वास ठेवणाऱ्या माणसाला उद्या अडीचशे किलोंचा हिशेब कळला की तुमचं बाकीचंही सगळं त्याला खोटं वाटेल. राजापूरला मी ते घडताना पाहिलं आहे.

शिवाय पटींची ही भाषा एक गोष्ट झाकते, आणि माझ्या मते सभेत सगळ्यात आधी तीच सांगायला हवी. कोळशाची आग विझवली की विझते. कोळसा दळणाऱ्या मिल बंद केल्या, हवा थांबवली की बॉयलर काही तासांत निवायला लागतो. फुटलेला ग्रॅम असा विझत नाही. त्याच्या २० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपैकी सगळे लगेच बाहेर पडत नाहीत. तुकडे इंधनाच्या गोळीत केसाच्या जाडीहूनही कमी अंतरात थांबतात आणि तिथेच बहुतेक उष्णता देतात. पण ते तुकडे स्वतः किरणोत्सारी असतात. त्यांची उरलेली ऊर्जा सेकंदांत, दिवसांत, वर्षांत सुटत राहते. भट्टी बंद केल्याच्या क्षणाला तिच्या पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता तशीच येत असते. तारापूरच्या संचासाठी ते होतात शंभर मेगावॅटहून जास्त. एका दिवसानंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे आठ-नऊ मेगावॅट. कुठलंही बटण दाबून ही उष्णता थांबवता येत नाही. पाणी फिरवत राहणं एवढाच उपाय. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाला भूकंप झाल्यावर चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या होत्या. मग त्सुनामीनं डिझेल जनित्रं बुडवली, पाणी फिरेना, आणि या उरलेल्या उष्णतेनंच इंधन वितळवलं.

म्हणजे एका ग्रॅममध्ये एवढी ऊर्जा मावते म्हणून रेक लागत नाहीत, आणि एका ग्रॅममध्ये एवढी ऊर्जा मावते म्हणूनच बंद भट्टीलाही आठवडेच्या आठवडे पाण्याचा पहारा लागतो. दोन्ही गोष्टी एकाच आकड्यातून येतात. पहिली सांगून दुसरी गाळणारा आणि दुसरी सांगून पहिली गाळणारा, दोघेही मला सारखेच चुकीचे वाटतात. समुद्रकाठच्या प्रकल्पात पाणी फिरवणारे पंप कशावर चालणार, वीज पूर्ण गेली तर किती तास, जनित्रं किती उंचीवर आहेत, पंपांशिवाय आपोआप पाणी फिरण्याची सोय आहे का, हे प्रश्न जनसुनावणीत कोळशाच्या टनांच्या आधी यायला हवेत. त्यांना उत्तरं आहेत. नव्या रचनांत काही उत्तरं चांगलीही आहेत. पण ती गावातल्या माणसाला समजेल अशा मराठीत कुणी मांडलेली मी तरी ऐकली नाहीत.

खर्चाबद्दल थोडक्यात. ग्रॅमची ताकद इंधनाचा खर्च कमी करते, भट्टीचा नाही. अणुविजेच्या दरात इंधनाचा वाटा लहान आणि बांधकामाचा, व्याजाचा वाटा मोठा असतो. बांधायला जितकी वर्षं जास्त लागतील तितकी ती वीज महाग होत जाते. एक ग्रॅम किती टनांचा, यावरून वीज स्वस्त की महाग हे ठरवता येत नाही.

आता उरलेल्या २४८ किलोंबद्दल बोलायला हवं, कारण माझ्या दृष्टीनं सगळा सार्वजनिक प्रश्न तिथे येऊन थांबतो. रोज अडीचशे किलो आत जातात, पावणेदोन किलोहून थोडे जास्त फुटतात आणि बाकीचे बंडलांतच बाहेर येतात. त्यात बहुतेक युरेनिअम-२३८, थोडं २३५, आणि किलोमागे साडेतीन-चार ग्रॅम नव्यानं तयार झालेलं प्लुटोनिअम. या बंडलांना कचरा म्हणायचं की पुढचं इंधन? होमी भाभांनी आखलेल्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमाचं उत्तर होतं, इंधन. वापरलेल्या बंडलांतून प्लुटोनिअम वेगळं काढायचं, ते दुसऱ्या टप्प्यात वेगवान न्यूट्रॉनच्या भट्टीत वापरायचं, तिथे २३८ मधून आणखी प्लुटोनिअम बनवायचं आणि मग तिसऱ्या टप्प्यात थोरिअमकडे वळायचं. तसं झालं तर टाकलेल्या ग्रॅमपैकी फुटणारा वाटा कित्येक पटींनी वाढतो, आणि पुस्तकातला तो पूर्ण फुटलेला ग्रॅम वास्तवाच्या जवळ यायला लागतो. ५३ लाखांचा आकडा खरा ठरण्याचा आपल्या हातात असलेला मार्ग हाच आहे.

या मार्गाचा मोठा भाग महाराष्ट्रातून जातो. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनिअम काढणारा देशातला पहिला कारखाना १९६४ मध्ये तुर्भ्याला, ट्रॉम्बेत उभा राहिला. पुढे तारापूरला तो उद्योग वाढला. तमिळनाडूत कल्पाक्कमला जी ५०० मेगावॅटची वेगवान भट्टी उभारली, तिच्या इंधनाच्या कांड्याही तारापूरलाच बनल्या. त्या भट्टीचं बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं आणि तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. वीस वर्षं. सोडिअमसारख्या पाण्याशी भेट होताच पेट घेणाऱ्या द्रवावर चालणारी भट्टी बांधणं सोपं नाही, हे मी समजू शकतो. जगात इतरांनाही ते जड गेलं आहे. पण लोकांना या वीस वर्षांचा हिशेब न देता तीन टन कोळशाचं वाक्य ऐकवत राहणं मला मान्य नाही. ते वाक्य दुसऱ्या टप्प्याचं श्रेय आजच घेतं.

आणि बंडलं फोडून प्लुटोनिअम काढायचं म्हणजे ते फुटलेले तुकडे, दिवसाला पावणेदोन-दोन किलो, बंडलाच्या नळीतून मोकळे करून आम्लात आणायचे, मग काचेत ओतून गोठवायचे आणि सांभाळायचे. त्यातल्या सीझिअम आणि स्ट्रॉन्शिअमची किरणं निम्मी व्हायला सुमारे तीस वर्षं लागतात. हजाराव्या हिश्शावर यायला तीनशे. काम करता येतं, आपण ते करतोही. पण ते कुठे, किती आणि कुणाच्या शेजारी, हे ठरवताना त्या शेजारच्या माणसाला खोलीत बसवलं पाहिजे.

निवृत्तीच्या आधीची शेवटची काही वर्षं मी ते गणित फळ्यावर लिहायचो तेव्हा खाली आणखी दोन ओळी घालायचो. पहिली, भट्टीत टाकलेल्या ग्रॅममागे किती फुटले. दुसरी, भट्टी बंद केल्यावर एका दिवसानं किती मेगावॅट उष्णता उरली. परीक्षेला त्या येत नसत, तरी मुलं उतरवून घ्यायची. एकदा राजापूरकडच्याच एका मुलीनं वहीतून मान वर करून विचारलं, "सर, मग उरलेले २४८ किलो आत्ता कुठे आहेत?" मी तिला सांगितलं, तारापूरला, पाण्याच्या खोल हौदांत आणि साठवणीच्या जागांत, पुढचा टप्पा येण्याची वाट पाहत.